पाच चित्रे आणि मागे एकच गडगा: याला मराठीत काय म्हणावे?

भिरंड (वेंगुर्ला)

आमच्या बचत गटाच्या कोकम आगळासाठी इन्स्टाग्रामवर टाकायला पाच चित्रांचा एक संच तयार होत आहे. पहिल्या चित्रात झाडावर लगडलेले रातांबे आहेत, दुसऱ्यात फोडून वेगळी केलेली साले, तिसऱ्यात मीठ घालून भरलेली बरणी, चौथ्यात गाळले जाणारे आगळ आणि पाचव्यात बाटली व शेजारी सोलकढीची वाटी. या पाचही चित्रांच्या मागे जांभ्या चिऱ्यांचा एकच गडगा आहे. तो पहिल्या चित्राच्या डाव्या कडेला सुरू होतो, प्रत्येक चित्रातून पुढे जातो आणि पाचव्याच्या उजव्या कडेला संपतो, त्यामुळे बोटाने चित्र सरकवताना आपण गडग्याच्या कडेकडेने चालत असल्यासारखे वाटते.

या कामाची टिपणे मराठीतच ठेवायची असे गटाने ठरवले आहे. ‘कॅरोसेल’ हा शब्द मी वापरला तेव्हा आमच्या अध्यक्षबाईंनी बाटलीच्या जाहिरातीत जत्रेतले घोडे कशाला, असे विचारले. मला तीन शब्द हवे आहेत: संपूर्ण रचनेसाठी एक, त्यातल्या एकेका तुकड्यासाठी एक आणि दोन तुकडे जिथे भिडतात त्या जागेसाठी एक.

सागरवेळ (रत्नागिरी)

अध्यक्षबाईंचे म्हणणे चुकीचे नाही. जत्रेत लाकडी घोडे बसवलेले जे गोल फिरते, त्यालाच इंग्रजीत कॅरोसेल म्हणतात आणि विमानतळावर सामान घेऊन फिरणाऱ्या पट्ट्यालाही तेच नाव आहे. दोन्हीकडे गोल फिरणे हाच या शब्दाचा अर्थ असल्यामुळे मराठीत ‘चित्रचक्र’ हा शब्द सरळ बसतो. तो उच्चारायला सोपा आहे आणि त्याला वेगळे स्पष्टीकरणही लागत नाही.

खिळेजुळारी (सावंतवाडी)

सागरवेळ यांनी अर्थ बरोबर सांगितला आहे, पण तो पुरा सांगितलेला नाही. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचने तो इटालियनमधून घेतला. तिकडे तो आधी घोडेस्वारांच्या खेळाला लावला जाई, लाकडी घोडे नंतरचे. पुढे कोडॅकच्या पारदर्शिका दाखवणाऱ्या यंत्रावर गोल तबकडी बसली, तेव्हा त्या यंत्रालाही हेच नाव मिळाले. अनेक संकेतस्थळांवर शेवटचे चित्र गेले की पहिले पुन्हा येते, म्हणून तिथेही हे नाव शोभते. इन्स्टाग्रामवर मात्र पाचव्या चित्रानंतर बोट अडते. तिथे चक्र नाही. भिरंडताईंच्या रचनेत तर गडग्याला डावे आणि उजवे टोक आहे, आणि रातांब्यापासून बाटलीपर्यंतचा क्रम उलटता येत नाही. ज्याला आरंभ आणि शेवट आहे त्याला चक्र म्हणणे मला पटत नाही.

मी पूर्वी छापखान्यात होतो आणि आता मुलाबरोबर संगणकावर हेच काम करतो, म्हणून ही वस्तू तयार कशी होते ते सांगतो. नाव बहुधा त्यातूनच सापडेल. पाच चित्रे वेगवेगळी काढून जोडली जात नाहीत. आधी एकच लांब चित्र तयार होते आणि नंतर ते कापले जाते. प्रत्येक तुकडा 1080 पिक्सेल रुंद आणि 1350 उंच ठेवायचा असेल, तर मूळ चित्र 5400 रुंद आणि 1350 उंच घ्यावे लागते आणि ते 1080, 2160, 3240 व 4320 या चार रेषांवर कापावे लागते. म्हणजे वस्तू मुळात एक आहे आणि तिचे तुकडे नंतर झाले आहेत. माझ्या मते तिला ‘पट’ म्हणावे, तुकड्याला ‘चौकट’ आणि जोडाला ‘सांधा’.

माडबन (देवगड)

मला वाटते याला पॅनोरमा म्हणतात. फोनमध्ये ती सोय असते. फोन हळूहळू फिरवला की सगळी बाग एका चित्रात येते. मी गेल्या हंगामात आमच्या आंब्याच्या बागेचा असा लांब फोटो काढला, त्याचे चार तुकडे केले आणि व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना पाठवले. तिथे ते दोनावर दोन असे चौकोनात मांडलेले दिसले आणि कलमे अधांतरी तुटली. एका जुन्या गिऱ्हाइकाने तर झाडे तोडली का, असे विचारले. त्यामुळे या प्रकाराला नाव देण्याआधी तो करावाच का, हे पाहावे असे मला वाटते.

भिरंड (वेंगुर्ला)

माडबनदादा, पॅनोरमा हे त्या लांब फोटोचे नाव झाले. माझा प्रश्न कापून क्रमाने दाखवलेल्या चित्रांचा आहे, आणि त्यात पुढे येणारी वस्तू दर चित्राला बदलते. पण तुमच्या अनुभवामुळे एक गोष्ट लक्षात आली. ही रचना तुकडे एकमेकांना लागून सरकतात तिथेच टिकते. व्हॉट्सॲपसाठी आम्ही बाटलीचे एकच चित्र वेगळे करून घेऊ.

हुडूक (कुडाळ)

‘पट’ या शब्दाबद्दल मला थोडे म्हणायचे आहे, कारण आमच्या शेजारच्या पिंगुळीत चित्रांतून कथा सांगण्याची ठाकर समाजाची परंपरा आजही जिवंत आहे आणि त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 चा पद्मश्री पुरस्कारही मिळाला आहे. चित्रकथीत एका कथेच्या सगळ्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. चित्रे सुट्या कागदांवर असतात, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात, आणि कथेकरी एक चित्र दाखवून त्यावरचा प्रसंग गाऊन झाला की पुढचे समोर धरतो. एका वेळी एक चित्र, ठरलेला क्रम आणि एकच कथा: भिरंड यांच्या रचनेतही हेच आहे. म्हणून संपूर्ण रचनेला ‘चित्रपोथी’ आणि तुकड्याला ‘पान’ म्हणावे असे मी सुचवतो. ‘चौकट’ म्हटले की चारही बाजूंनी बंद असलेली वस्तू डोळ्यांसमोर येते, आणि इथे तर बाजू उघड्या ठेवायच्या आहेत.

खिळेजुळारी (सावंतवाडी)

‘चौकट’वरचा आक्षेप मला मान्य आहे, ‘पान’ अधिक चांगले. ‘पोथी’बद्दल मात्र शंका आहे. चित्रकथीतले प्रत्येक चित्र आपल्या जागी पुरे असते, एकाच्या मागचे झाड पुढच्या चित्रात शिरत नाही. चित्रे सुटी असूनही कथा तुटत नाही, कारण ती गाणाऱ्याच्या आवाजात सलग चालू असते. इथे गाणारा कोणी नाही. त्याचे काम मागच्या गडग्याला करावे लागते. दुसऱ्या पानाच्या उजव्या कडेला बरणीचा काठ अर्धाच दिसला की बोट आपोआप पुढे सरकते, आणि ‘आता पुढे ऐका’ हे कथेकऱ्याचे म्हणणे त्या अर्ध्या काठानेच सांगितलेले असते. हे वैशिष्ट्य ‘पोथी’त येत नाही, ‘पटा’त येते. बंगालमधले पटुआ गुंडाळी उलगडत चित्रकथा गातात, तिलाही पटच म्हणतात.

सागरवेळ (रत्नागिरी)

चक्र मी मागे घेतो. पण एकट्या ‘पट’ने बुद्धिबळाचा पट, चित्रपट, जमिनीचा पट असे बरेच काही मनात येते. ‘सरकपट’ कसा वाटतो?

भिरंड (वेंगुर्ला)

‘सरकपट’ गटात वाचून दाखवला, कोणाला हसू आले नाही, म्हणजे चालण्यासारखा आहे.

आता सांध्याविषयी विचारते, कारण तिथे खरोखरच अडचण आली आहे. काल आमच्या मुलीने पहिला मसुदा चढवून पाहिला. पहिल्या आणि दुसऱ्या पानात गडग्याची वरची रेघ व्यवस्थित जुळते. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये रेघ जुळते, पण चिरे एकदम फिके होतात. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये रेघच खाली उतरते, तेही केसभर नव्हे, चांगले बोटभर. या दोन दोषांना वेगळी नावे आहेत का?

खिळेजुळारी (सावंतवाडी)

नावे वेगळी असावीत, कारण कारणे वेगळी आहेत. रेघ जुळून रंग तुटतो, तेव्हा कापणी बरोबर झालेली असते आणि नंतर एखाद्या पानावर स्वतंत्रपणे हात फिरलेला असतो. तिसऱ्या पानावर मिठाची पांढरी बरणी आहे. कोणीतरी फोनमध्ये फक्त त्या पानाचा उजेड आपोआप सुधारून घेतला असावा. तो सुधार त्या पानातल्या गडद आणि उजळ भागांवरून ठरतो, त्यामुळे प्रत्येक पानाला वेगळा लागतो. रंगाचे सगळे काम लांब चित्रावर कापण्याआधी करावे आणि कापल्यावर पानांना हात लावू नये. रेघ खालीवर होते, तेव्हा ते पान वेगळ्या उंचीवर कापलेले असते किंवा लहानमोठे केलेले असते. तिसरा दोषही संभवतो. रेघ जुळते, रंगही जुळतो, पण एखादा चिरा दोनदा दिसतो किंवा अर्धा गायब होतो. तेव्हा रुंदी चुकलेली असते. दोन पाने संगणकावर शेजारी ठेवून मोठी करून पाहिली, की तिन्हींपैकी काय झाले ते लगेच कळते.

गवंडीकामात दोन चिऱ्यांमधल्या फटीला ‘दर्ज’ म्हणतात. तुमच्या मागे गडगाच असल्यामुळे एक सोय करता येते: कापायच्या चारही रेषांवर चिऱ्यांची उभी दर्ज येईल असा गडगा मांडा. तिथे मुळातच काळी रेघ असल्यामुळे थोडा फरक झाकला जातो. मागे नुसते संध्याकाळचे आकाश असते तर पिक्सेलभर फरकही उठून दिसला असता. बाटली आणि अक्षरे मात्र सांध्यापासून शंभरेक पिक्सेल आत ठेवा. कापलेला गडगा पाहणारा मनात जोडून घेतो, कापलेले अक्षर जोडून घ्यायला तो थांबत नाही.

हुडूक (कुडाळ)

मग सांध्याला ‘दर्ज’च का म्हणू नये? शब्द इथला आहे आणि कामाचाही आहे.

खिळेजुळारी (सावंतवाडी)

दर्ज म्हणजे दोन वेगळे चिरे एकत्र आणल्यावर उरलेली फट. इथे एकच वस्तू कापली आहे. तसा विचार केला तर माझा ‘सांधा’ही चुकतो, कारण सांधाही दोन वेगळ्या वस्तूंचाच असतो. ‘काप’ म्हणावे, तर ते करणाऱ्याच्या बाजूने खरे आहे, पण पाहणाऱ्याला ती जागा जोडल्यासारखीच दिसते.

माडबन (देवगड)

आमच्या घरी शिवणकाम होते, तिथे फुलाफुलांचे कापड कापून पुन्हा जोडताना फुले जुळवावी लागतात. एकच तागा, कापलेला आणि परत जोडलेला. त्या जागेला शिवण म्हणतात.

खिळेजुळारी (सावंतवाडी)

माडबन, हे माझ्या लक्षात आले नव्हते. ‘शिवण’मध्ये कापणे आणि जोडणे दोन्ही येते.

भिरंड (वेंगुर्ला)

मुलीला विचारले. बरणी काळपट दिसत होती म्हणून तिने तिसरे पान उजळले होते, हे खरे निघाले. चौथ्या पानाचे कारण निराळे आहे: गाळण्याचे फडके नीट दिसावे म्हणून तिने ते पान कापल्यावर थोडे मोठे केले होते. आता लांब चित्रावरूनच पुन्हा कापत आहोत आणि फडकेही मूळ चित्रातच मोठे करत आहोत.

टिपणात सध्या ‘सरकपट’, ‘पान’ आणि ‘शिवण’ असे लिहिले आहे. अध्यक्षबाईंना ‘शिवण’ लगेच कळले. ‘सरकपट’ऐवजी त्या अजून ‘पाच पानांचा गडगा’ असेच म्हणत आहेत, आणि पुढच्या वेळी मागे गडग्याऐवजी समुद्र असला तर काय म्हणणार, याचे उत्तर त्यांनी दिलेले नाही.