मदत हवी: तीन शिफ्ट, दोन तासांचं सेफ्टी ट्रेनिंग, ओटी न लागता कसं बसवू?

कुंडईकर: कुंडई वसाहतीत प्लास्टिक मोल्डिंगचा कारखाना. 54 कामगार, शिफ्टला 18. वेळा 6-2, 2-10, 10-6, मध्ये अर्धा तास सुट्टी, दर सोमवारी शिफ्ट बदलते. गेल्या वर्षी रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. सकाळी सहाला सुटलेली नाइटची पोरं खुर्चीतच घोरत होती. वर सुट्टीच्या दिवशी बोलावलं म्हणून दुप्पट पगाराचं बिल. यंदा काय करू?

तिसरी_पाळी: आठवड्याचे 48 तास ओलांडले नाहीत तर ओटी लागत नाही. तुमचे 6 × 7.5 म्हणजे 45 झाले. तीन तास हातात आहेत, एका दिवशी उरका.

जुना_सेफ्टीवाला: अर्धंच बरोबर. रोजचाही हिशेब होतो आणि दोन्हींतला कामगाराच्या फायद्याचा धरतात. नव्या कामगार संहितेत दिवसाचे 8 तास, म्हणजे रोज हातात फक्त अर्धा तास. सक्तीचं ट्रेनिंग कामाचेच तास. तेव्हा दोन तासांचे चार तुकडे करा.

कळंगुटवाली: आमच्या हॉटेलात सीझन संपल्यावर जूनमध्येच उरकतो. तुम्हीही पावसात घ्या ना!

कुंडईकर: ताई, आमची मशिनं पावसातही चालतात. दादा, तुकडे करीन, पण बस एकच. पावणेदोनला फोंड्याहून दुसऱ्या शिफ्टला आणते, सव्वादोनला पहिलीला घेऊन जाते. सुटलेला माणूस थांबला तर घरी कसा जाणार?

जुना_सेफ्टीवाला: मग सुटणाऱ्याला थांबवूच नका. तिन्ही शिफ्टच्या मागेही लागू नका, फक्त दुसरी पकडा. बस अर्धा तास आधी सोडा, दीड ते दोन ट्रेनिंग, सोमवार ते गुरुवार. त्या आठवड्यात 47 तास होतात. शिफ्ट फिरते तशी तीन आठवड्यांत 54 जणं तुमच्याकडे आपोआप येतात, नाइटवाला झोपून उठून. ज्याची साप्ताहिक सुट्टी मधल्या वारी, त्याचा चुकलेला भाग शुक्रवारी. हजेरी भागागणिक घ्या, नाहीतर तीनच भाग बसलेला माणूस कागदावर 'पूर्ण' दिसतो. मशीन बंद करून कुलूप-टॅग लावायचा सराव मात्र वर्गात नको, मोल्ड बदलताना मशीनवरच.

तिसरी_पाळी: आणि शिफ्ट आपसात बदलून घेणारे? आमच्यात एक जण कायम नाइटच करतो.

जुना_सेफ्टीवाला: त्यांची नावं आधी काढा. चार दिवस रात्री साडेनऊला बसवा. सकाळी सहानंतर नको.

कुंडईकर: असे पाच जण निघाले. युनियनवाले म्हणतात, करारात साडेसात तासांच्या पुढे ओटी लिहिलंय. करार 2019 चा, आज कपाटातून काढतो.

जुना_सेफ्टीवाला: तसं लिहिलं असेल तर करारच चालणार. मग शिफ्टच्या आतच, सहा-सहा जणांना काढून. आणि ओटी नसलं तरी त्या अर्ध्या तासाचा साधा पगार द्यायचा का, तेही विचारून घ्या. माझ्या मते द्यावा.

तिसरी_पाळी: सहा जण काढले तर मशिनं कोण बघणार?