मदत हवी आहे: पाइप टाकल्यावर भरावाचे ब्रास किती धरायचे? कंत्राटदार ४० म्हणतोय

रानआंबा:
अर्जंट आहे. गुहागरजवळ आमच्या वाडीत पऱ्याचं पाणी दरवर्षी खळ्यात शिरायचं म्हणून चार घरांनी मिळून वर्गणी काढली आणि सिमेंटचा पाइप टाकून घेतला, चर २०० फूट लांब, ४ फूट रुंद, ५ फूट खोल. पाइप दोन फुटी. आता कंत्राटदाराने मुरूम भरावाचे ४० ब्रास लावलेत. मी म्हटलं पाइपची जागा वजा करा, तर म्हणतो पाइप पोकळ असतो, पोकळ वस्तू वजा करत नाहीत. रविवारी हिशेब वाटायचाय. नक्की किती ब्रास होतात तेवढंच सांगा.

फणसगरे:
सोप्पं आहे. २०० × ४ × ५ म्हणजे ४००० घनफूट, १०० ने भाग, ४० ब्रास. त्यातून दोन फुटी पाइपचे ०.७८५४ × २ × २ × २०० म्हणजे ६२८ वजा. उरले ३३.७२ ब्रास. एवढेच द्या.

चाकरमानी_डोंबिवली:
सिमेंटचा कशाला घातलात, आमच्या कलमांना मी पीव्हीसी घातला, दोन माणसांनी उचलून टाकला. ड्रिपला सबसिडीपण मिळते, चौकशी करा.

रानआंबा:
दादा, पऱ्याचं पाणी आहे, ड्रिप नाही.

जुना_मिस्त्री:
फणसगरे, दोन फूट हे आतलं माप. माती आतल्या मापाला लागते का? ती बाहेरून लागते. रानआंबा, पाइपची जाडी किती? एखादा तुकडा उरला असेल तर बाहेरून सुतळी गुंडाळून मोज. आणि खोली ५ फूट कुठून कुठवर? पाइपखाली काही घातलंय का?

कातळावरचा:
मला वाटतं कंत्राटदार अर्धा बरोबर आहे. पाइपच्या आत हवाच आहे ना. मग फक्त काँक्रीटची जाडी वजा करायची, पोकळी कशाला?

जुना_मिस्त्री:
अहो, त्या पोकळीत मुरूम भरलाय का त्याने? भरला असेल तर पाइप तुंबला, दुसरी तक्रार करा. नसेल तर पोकळीसकट अख्खा गोल वजा. बंद डबा गाडला तर डब्याएवढी माती वर उरते, डबा रिकामा होता की पिठाने भरलेला होता त्याने काय फरक पडतो.

कातळावरचा:
ओके, हे पटलं.

रानआंबा:
एक पाइप जादा आला होता तो माडाखाली पडलाय. आत्ता मोजून आलो. सुतळी ९४ इंच भरली. खोली वरच्या जमिनीपासून अगदी तळापर्यंत, मी स्वतः टेप सोडला होता, दोन्ही टोकांना ५ च. खाली सहा इंच ग्रीट टाकलीय, तिचे पैसे वेगळे घेतलेत त्याने.

जुना_मिस्त्री:
बघ, हे आधी सांगायचं ना. ९४ ला ३.१४ ने भाग, ३० इंच आले. म्हणजे बाहेरून अडीच फूट. आता ०.७८५४ × २.५ × २.५ × २०० = ९८२ घनफूट, ९.८२ ब्रास. फणसगरेंच्या मापाने ६.२८ येत होते, नुसत्या तीन-तीन इंच जाडीने साडेतीन ब्रासचा फरक पडला. शिवाय ग्रीट २०० × ४ × अर्धा = ४०० घनफूट, ४ ब्रास. ती पण चरातच बसलीय आणि तिचे पैसे वेगळे दिलेत, मग त्याच जागेचे मुरुमाचे पैसे पुन्हा कशाला? ४० वजा ९.८२ वजा ४ = २६.१८ ब्रास.

फणसगरे:
मान्य, पण जेसीबीने खणलेला चर वर ४ फूट राहतच नाही, कडा ढासळतात. वर पाच खाली चार असेल तर सरासरी साडेचार, म्हणजे कंत्राटदाराचंच नुकसान होतंय.

जुना_मिस्त्री:
ते मऊ मातीत. जांभ्यात कड उभी राहते. रानआंबा, काय आहे तिकडे?

रानआंबा:
सगळा जांभाच. चिऱ्यासारखे डबर निघाले, ते पाइपवर टाकू नका असं तोच म्हणाला, म्हणून तर बाहेरून मुरूम आणला. कडा सरळ आहेत.

व्हाळकाठ:
आमच्या मालवणात गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी पाइप टाकल्यानी, दोन्ही तोंडा गोणी घालून बंद केल्यानी आणि माती घालूचा ऱ्हवला. रात्री पाऊस इलो, चर भरलो, सकाळी बघतत तर पाइप वर तरंगता! मिरगाच्या आधी भरून घेवा रे.

रानआंबा:
आमचं भरून झालंय, प्रश्न पैशांचा आहे. आणि आता घोळ वाढला. धाकटे काका पडवीत बसून डंपर मोजत होते, ते म्हणतात १७ डंपर आले. कंत्राटदार म्हणतो दोन ब्रासचा डंपर, म्हणजे ३४ तर नक्कीच टाकलेत. मग २६ कसे?

जुना_मिस्त्री:
डंपरमधला मुरूम सैल असतो. चरात टाकून दाबला की बसतो. मी साधारण पंचवीस-तीस टक्के जादा धरतो, म्हणजे दाबलेल्या २६ ला सैल ३३-३४ लागतील. आकडा जुळतोय. मग प्रश्न उरतो की तुमचा दर कशावर ठरला होता, भरलेल्या चरावर की गाडीवर? चरावर असेल तर २६.१८, गाडीवर असेल तर ३४. चाळीस मात्र कुठूनही येत नाहीत.

कातळावरचा:
पण दाबला कसा? नुसतं जेसीबीच्या बकेटने थोपटलं असेल तर तीस टक्के बसलाच नसेल, मग ३४ ब्रास मावले कुठे?

रानआंबा:
बकेटनेच थोपटलं. आणि अरे हो, एक राहिलं, वरचा शेवटचा फूटभर आमचीच लाल माती टाकली, आईला तिथे अळू लावायचंय.

जुना_मिस्त्री:
अरे देवा. २०० × ४ × १ म्हणजे ८ ब्रास तुमचीच माती. मुरूम राहिला १८.१८. तीस टक्के धरले तरी सैल २४च्या आत, नीट दाबला नसेल तर त्याहून कमी. मग ३४ ब्रास गेले कुठे? डंपर दोन ब्रासचा होता हे कोण म्हणालं? आतून हौद्याची लांबी, रुंदी, उंची मोजून आण.

चाकरमानी_डोंबिवली:
अळूला पाणी जास्त लागतं, ड्रिप बघा.

रानआंबा:
तोच डंपर खाली शाळेजवळ चिरे उतरवत होता, ड्रायव्हर चहाला गेल्यावर मोजून घेतला. ९ फूट, ६ फूट, फाळका पावणेतीन फूट.

फणसगरे:
१४८.५ घनफूट. दीड ब्रासचा डंपर हो तो! १७ × १.४८५ = २५.२५. शीग लावून भरला असेल तर थोडा जास्त.

जुना_मिस्त्री:
मग २४ आणि २५, बसलं बऱ्यापैकी. थोपटून एवढा दाबला गेला असेल का याबद्दल मला शंका आहे, एखादा डंपर दुसरीकडे रिकामा झाला असेल किंवा काकांनी एखादा जास्त मोजला असेल. आता बोल, दर कशावर ठरला होता?

रानआंबा:
तेच तर. थोरले काका म्हणतात गाडीवर, धाकटे म्हणतात चरावर. कागद कोणीच केला नाही.