अनुभव धागा: रस्त्याबद्दल संपादकांना पत्र, दीडशे शब्दांत

धागाकर्ती (इंदिरानगर): नाशिकच्या आवृत्तीत वाचकांची पत्रं येतात त्यांत पावसाळ्यात निम्मी खड्ड्यांची असतात, आणि बहुतेक वाचून विसरली जातात. दीडशे शब्दांत पत्र कसं बसवायचं, काय ठेवायचं, काय काढायचं हे ज्यांना कामातून माहीत आहे त्यांनी लिहावं. चर्चेसाठी हा मसुदा. जागेचं आणि विभागाचं नाव मुद्दाम गाळलं आहे, छापायला देताना दोन्ही हवंच.

> महोदय, शाळेच्या फाटकापासून कालव्याच्या पुलापर्यंतचा रस्ता फेब्रुवारीत जलवाहिनीसाठी खोदला गेला. चर मातीने बुजवला, पण त्यावर डांबरीकरण झाले नाही. पहिल्याच पावसात चर खचला. आता फाटकासमोर सहा फूट लांब आणि वीतभर खोल खड्डा आहे. पाणी साचले की तो दिसत नाही. सकाळी सात ते साडेसात या वेळेत याच जागी मुले रिक्षातून उतरतात. रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची, हे खोदकामाच्या परवानगीपत्रात नमूद असते. संबंधित विभागाने ते जाहीर करावे, खड्डा या आठवड्यात खडीने भरून दाबून घ्यावा आणि पाऊस उघडल्यावर चराच्या पूर्ण लांबीवर डांबरीकरण करण्याची तारीख सांगावी.

जुना उपसंपादक: मसुदा चांगला आहे, शंभर शब्दांच्या आत आहे. पण मागणी शेवटी आहे, आणि पानावर जागा कमी पडली की कात्री बहुधा खालून लागते. म्हणजे 'तारीख सांगावी' हेच वाक्य जाईल आणि वर नुसतं गाऱ्हाणं उरेल. मागणी दुसऱ्या वाक्यात आणा: 'शाळेसमोरचा खचलेला चर या आठवड्यात भरावा.' मग कारण, मग मुलं. खालून दोन वाक्यं गेली तरी पत्र उभं राहतं.

आणखी एक. 'प्रशासन झोपले आहे का', 'याकडे कोणी लक्ष देईल का' अशी वाक्यं तुम्ही लिहिली नाहीत, हे बरं केलंत. असं एक वाक्य चारपाच शब्द खातं आणि संबंधित अभियंत्याला त्यातून काहीच करता येत नाही. 'सहा फूट लांब, वीतभर खोल' वाचलं की त्याला जागेवर जाऊन बघावं लागतं.

सातपूरवाला: बाकी ठीक, पण 'खडीने भरा' ही मागणीच कमकुवत आहे. सरळ डांबर टाका म्हणून लिहा, नाहीतर खडी टाकून मोकळे होतील आणि पुढच्या पावसात परत तेच.

रस्तेकामातला माणूस: सातपूरवाले, खडीवर भागवतील ही तुमची भीती खरी आहे, पण जुलैत डांबर मागून उपयोग नाही. गरम डांबर ओल्या खडीला धरत नाही. भर पावसात टाकलेला थर चार दिवसांत सालीसारखा सुटतो आणि मग 'काम केलं होतं' असं उत्तर तयार होतं. म्हणून मसुद्यातली दोन टप्प्यांची मागणी बरोबर आहे: आत्ता खडी भरून दाबणं, उघडीप मिळाल्यावर डांबर.

उणीव आहे ती वेगळीच. चर खचला तो माती सैल भरल्यामुळे. खोदलेली काळी माती तशीच परत ढकलली की ती भिजल्यावर फुगते, सुकल्यावर आकसते, आणि वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी खाली बसतं. मुरूम किंवा खडी साधारण वीतभराच्या थरांत टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर दाबावा लागतो. म्हणून 'डांबरीकरण करावे' ऐवजी 'चरातली माती काढून मुरमाचे थर दाबावेत, मग डांबरीकरण करावे' असं लिहा. सात शब्द वाढतील, पण नुसतं वरून डांबर फासून जाता येणार नाही.

पंचवटीतल्या मावशी: आमच्या कॉलनीतला आतला रस्ता पार उखडलाय. बिल्डरने केला होता. त्याचं पत्र पण असंच लिहू का?

जुना उपसंपादक: मावशी, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तो रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झाला आहे का, हे आधी बघा. झाला नसेल तर 'हा रस्ता आमच्या ताब्यात नाही' एवढं एका ओळीचं उत्तर येतं आणि पत्र वाया जातं. माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून विचारता येतं, उत्तर द्यायची मुदत 30 दिवसांची आहे. पत्र त्यानंतर.

तीच गोष्ट मोठ्या रस्त्यांची. शहरातून जाणारे सगळेच रस्ते महापालिकेचे नसतात. काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, काही महामार्गवाल्यांकडे. चुकीच्या दारावर टकटक केली तर दोन्ही दारं बंद राहतात.

गंगापूररोडकर: सिंहस्थाचा उल्लेख घाला की. 2027 जवळ आलंय, 'भाविकांना काय दाखवणार' म्हटलं की कान टवकारतात.

धागाकर्ती: तो मोह मलाही होतो. पण हा रस्ता भाविकांच्या मार्गावर नाही. तसं लिहिलं तर 'हा रस्ता सिंहस्थ आराखड्यात नाही' असं उत्तर मिळेल आणि शाळेचा मुद्दा बाजूला पडेल. रस्ता खरंच त्या मार्गावर असेल तर जरूर लिहा.

रस्तेकामातला माणूस: मोजमापाबद्दल. 'वीतभर' बोलायला ठीक, पण पत्रात इंच लिहा. खड्ड्यावर सरळ काठी आडवी ठेवायची आणि काठीच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत पट्टी धरायची. पाणी असेल तर पट्टी तळाला टेकेपर्यंत आत जाऊ द्या, पाण्याच्या वरच्या पातळीवरून मोजू नका. खड्डा काठोकाठ भरलेला नसला की आकडा कमी येतो. फोटोतही काठी आणि पट्टी दिसू द्या.

जेलरोडची शिक्षिका: खाली पन्नास पालकांच्या सह्या जोडल्या तर वजन येत नाही का?

जुना उपसंपादक: छापताना एकच नाव आणि परिसर जातो, सह्यांना जागा नसते. ताई, सह्या घ्याच, पण त्या विभागाला द्यायच्या अर्जावर. आवक शिक्का मारलेली पोच घ्या आणि पत्रात एवढंच लिहा: 'अमुक तारखेला पन्नास पालकांनी अर्ज दिला आहे.' या एका वाक्यामुळे 'तक्रार आली नाही' म्हणायची सोय राहत नाही.

सातपूरवाला: नगरसेवकाचं नाव घालावं की नाही? नाव आलं की हलतात, असा माझा समज आहे.

धागाकर्ती: माझ्या मते नको. त्याचं नाव आलं की पत्र त्याच्याबद्दलचं होतं, रस्ता मागे पडतो.

रस्तेकामातला माणूस: मला पटत नाही. अर्जाची पोच हातात असेल आणि त्यालाही प्रत दिली असेल, तर 'प्रत लोकप्रतिनिधींना दिली आहे' असं लिहायला काय हरकत? नाव न घेताही होतं.

जुना उपसंपादक: तेवढं चालेल. मसुद्याची सुरुवात मग अशी करा: 'शाळेसमोरचा खचलेला चर या आठवड्यात खडीने भरून दाबावा, अशी मागणी पन्नास पालकांनी अमुक तारखेला लेखी केली आहे.' परवानगीपत्राचं वाक्य ठेवायचं तर मुलांच्या वाक्यानंतर. जागा कमी पडली तर ते आधी जाऊ दे, मुलांचं नको.