मदत हवी आहे: दोन 10 एमव्हीए ट्रान्सफॉर्मर, मध्ये भिंत नाही, आणि सोक पिट पुरेल का?

लोटेकर_इलेक्ट्रिकल:
नमस्कार मंडळी. कोकणात एमआयडीसीत केमिकल कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. आमच्या यार्डात 33/11 केव्हीचे दोन 10 एमव्हीए ट्रान्सफॉर्मर उघड्यावर आहेत, प्रत्येकात साधारण 7,000 लिटर तेल. टँकपासून टँक 6 मीटर अंतर, मध्ये भिंत नाही. प्रत्येकाखाली बाहेर आलेलं तेल साठायला स्वतंत्र सोक पिट, 8 बाय 7 मीटर, 1 मीटर खोल, तळापासून वरपर्यंत खडी. वॉटर स्प्रे म्हणजे डेल्यूज बसवलेला आहे. विम्याचे सर्व्हेअर आले ते म्हणाले भिंत हवीच, आणि पिटचं कॅल्क्युलेशन दाखवा. कन्सल्टंट म्हणतो आयईसीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 20,000 लिटरपर्यंत 5 मीटर पुरतं, तुमचं 6 आहे, भिंतीचा खर्च कशाला. पिटबद्दल म्हणतो 56 घनमीटरच्या खड्ड्यात 7 घनमीटर तेल, प्रश्नच नाही. मला हे पटत नाहीये पण नेमकं कुठे चुकतंय ते सांगता येत नाही. ट्रान्सफॉर्मरचं माप रेडिएटर, कंझर्व्हेटर धरून 5 बाय 4, उंची साडेचार मीटर.

सोसायटी_सेक्रेटरी:
आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून 630 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, उन्हाळ्यात घूं घूं आवाज येतो आणि खाली तेलाचे डाग पडलेत. आम्ही पण अशी भिंत बांधून घ्यावी का? खर्च सोसायटीने करायचा की वीज कंपनीने?

शंभर_केव्ही:
सेक्रेटरी साहेब, तुमचा मामला वेगळा आहे, त्यात तेल काही शे लिटरच असतं. डाग म्हणजे गळती, आधी लेखी तक्रार करून गॅस्केट बघायला लावा, आणि शक्यतो वेगळा धागा काढा.

लोटेकर, एवढा विचार करू नका. डेल्यूज काढा आणि नायट्रोजन इंजेक्शन सिस्टिम बसवा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या म्हणजे सीईएच्या नियमात 10 एमव्हीए आणि त्याच्या वर वॉटर स्प्रे किंवा नायट्रोजन दोन्ही चालतं. पाणीच नाही म्हटल्यावर पिट भरायचा प्रश्न नाही, पिटच नको.

निवृत्त_सबस्टेशन:
शंभर_केव्ही, पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. नायट्रोजन सिस्टिम चालू झाली की आधी टँकमधलं वरचं तेल बाहेर सोडते आणि मग खालून नायट्रोजन सोडून तेल ढवळते. ते सोडलेलं तेल जाणार कुठे? पिटातच. शिवाय बुशिंग फुटून किंवा टँक फाटून तेल बाहेर येऊन पेटलं तर आतल्या नायट्रोजनचा बाहेरच्या आगीला उपयोग नाही. 2,000 लिटरच्या वर तेल असेल तर पिट लागतोच, विझवायची सिस्टिम कुठलीही असो.

आता लोटेकर, तुमच्या कन्सल्टंटचं. 5 मीटरचा आकडा खरा आहे, पण सीईएच्या सेफ्टी रेग्युलेशनमध्ये चार तास आग रोखणारी बॅफल वॉल कुठे लागते ते वाचायला सांगा त्यांना. सिंगल फेज बँक, अंतर अपुरं असेल तिथे, आणि ग्राहकाच्या आवारात. तुम्ही ग्राहक आहात. म्हणजे 6 मीटर आहे म्हणून सुटका होत नाही. अमेरिकन एनएफपीए 850 मध्ये तर तुमच्या तेलाला 7.6 मीटर लागतात आणि ते अंतर पिटच्या कडेपासून मोजतात, टँकपासून नाही. कारण जळणारं तेल जिथवर पसरतं तिथून ज्वाला उठते. तुमच्या पिटांच्या कडा एकमेकींपासून किती लांब आहेत, मोजून बघा.

भिंत कंझर्व्हेटरच्या वर किमान 600 मिमी जाऊ द्या आणि लांबीला पिटच्या दोन्ही कडा झाकू द्या. आमच्याकडे लोक ट्रान्सफॉर्मरच्या लांबीएवढीच भिंत बांधतात, मग ज्वाला वाऱ्याबरोबर कडेने वळून जाते. ब्लास्ट वॉल म्हणतात सगळे पण तिच्याकडून अपेक्षा एवढीच की आच रोखावी आणि फुटलेल्या बुशिंगच्या चिनी मातीचे तुकडे पलीकडच्या रेडिएटरवर जाऊ देऊ नयेत.

मस्कतचा_मराठी:
मी इकडे फायर प्रोटेक्शनमध्ये आहे, पिटबद्दल लिहितो कारण तुमची खरी भानगड तिथे आहे.

स्प्रेचं पाणी ट्रान्सफॉर्मरच्या कल्पित पेटीवर दर चौरस मीटरला मिनिटाला 10.2 लिटर धरतात. तुमच्या चार बाजू 81, वरची 20, म्हणजे 101 चौरस मीटर, साधारण 1,030 लिटर. आजूबाजूच्या उरलेल्या 36 चौरस मीटर जमिनीवर 6.1 च्या दराने 220. एकूण मिनिटाला 1,250 लिटर धरा. (खडीच्या जमिनीला वेगळं पाणी धरायचं का यावर मतं आहेत, मी धरतो.) 40 मिनिटांचं म्हणजे 50,000 लिटर.

आता पिट. 56 घनमीटर खड्डा आहे पण तो खडीने भरलाय, स्वच्छ खडीत पोकळी फार तर 40 टक्के, म्हणजे जागा 22 घनमीटर. त्यातून तेलाचे 7 गेले, उरले 15. 1,250 ने भागा, 12 मिनिटं. बाराव्या मिनिटानंतर पिट काठोकाठ, पाणी खाली, तेल वर तरंगतंय आणि तेच पेटतं तेल कठड्यावरून दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरकडे. डेल्यूज नीट चालला तरच हे होतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

खडीचं काम ज्वाला विझवायचं आहे, तेल खाली झिरपलं की वरची हवा तुटते. त्यासाठी जाळीवर 300 मिमी थर पुरतो, खाली खड्डा मोकळा ठेवा.

दापोलीची_ताई:
मस्कतदादा, 40 टक्के हा पहिल्या दिवशीचा आकडा आहे. आमच्याकडे खडीत माती, पालापाचोळा, गवत असतं. आणि पावसाळ्याचं काय? इकडे एका दिवसात 300 मिमी पडतो कधी कधी. 56 चौरस मीटरवर ते जवळपास 17 घनमीटर पाणी. म्हणजे आग लागायच्या आधीच पिट भरलेला.

लोटेकर, साधी टेस्ट करा. पिटमधून वरची आणि फूटभर खालची खडी काढून 20 लिटरची बादली काठोकाठ भरा आणि त्यात मोजून पाणी ओता. 8 लिटर मावलं तर 40 टक्के.

लोटेकर_इलेक्ट्रिकल:
ताई, आज केली. वरच्या खडीत साडेसात लिटर गेलं. खालच्या खडीत फक्त 5, आणि पाणी चहासारखं झालं. संपूर्ण पिट 25 टक्के धरला तर 14 घनमीटर, तेल वजा करून 7, म्हणजे डेल्यूजची साडेपाच मिनिटं! हे सगळं मॅनेजमेंटला तसंच लिहून पाठवलं. पिटच्या कडांमधलं अंतर 3 मीटर निघालं, भिंतीला मंजुरी मिळेल असं वाटतंय.

निवृत्त_सबस्टेशन:
शाबास. आता दोन्ही पिटांना पाइप टाकून लांब एक रिमोट पिट करा, तेल आणि 40 मिनिटांचं पाणी मावेल असा, म्हणजे 57 घनमीटरच्या वर. जागा नसेल तर सेपरेटर, ज्यात पाणी तळाकडून बाहेर जातं आणि तेल आत राहतं. पाइपात फ्लेम ट्रॅप हवा, नाहीतर आग पाइपातून पुढे चालत जाते.

आणि डेल्यूज खरंच चालतो का ते बघा. लंडनला नॉर्थ हाइडमध्ये 20 मार्च 2025 ला 275 केव्हीचा ट्रान्सफॉर्मर जळला, बुशिंगमध्ये ओलावा शिरला होता, साधारण 25,000 लिटर तेल. शेजारचा ट्रान्सफॉर्मरही ट्रिप झाला आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ बंद. तिथली पाण्याची सिस्टिम चालू स्थितीत नव्हती, हे आधीच्या तपासणीत लिहिलेलं होतं.

मस्कतचा_मराठी:
सप्लाय बंद करून पाणी सोडून बघा, नुसता व्हॉल्व्ह उघडून नाही. जीआय पाइपचा गंज नोझलमध्ये अडकतो. एक माणूस रेडिएटरच्या मागे उभा करा, तिथे कोरडे पट्टे राहतात.

लोटेकर_इलेक्ट्रिकल:
शटडाउनमध्ये नक्की करतो. दोन गोष्टी अडल्यात. पावसाचं पाणी काढायला फ्लोटवर ऑटो पंप लावला तर तेल आलं तरी तो नाल्यात ढकलेल, मॅन्युअल ठेवला तर रात्रपाळीला कोणी लावणार नाही. तेल ओळखणारा सेन्सर कोणी वापरलाय का, चिखलात टिकतो का?

दापोलीची_ताई:
आमचा एक पावसाळा टिकला, मग खोटे अलार्म यायला लागले. सध्या मॅन्युअलच आहे, शिफ्टच्या लॉगबुकात पिटची पातळी लिहायची सक्ती केलीय.

शंभर_केव्ही:
मला ऑटोच बरा वाटतो, पण पंप सेपरेटरमध्ये सोडा, नाल्यात नको.

लोटेकर_इलेक्ट्रिकल:
दुसरी गोष्ट, भिंत रेडिएटरपासून दीडच मीटर येतेय. मे महिन्यात फुल लोडला टॉप ऑइल टेंपरेचर वाढेल का? कोणाकडे भिंत बांधायच्या आधीची आणि नंतरची रीडिंग असतील तर प्लीज टाका.