मदत हवी आहे: सिकलसेलच्या एएस वाहकाच्या पेशी वाकत नाहीत, मग मलेरियाचं घोडं पेंड कुठे खातं?

चामोर्शीचा_मास्तर
अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. आमच्या गडचिरोलीत सिकलसेल हा शब्द पोरं घरी ऐकूनच आलेली असतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात GAG चं GTG होतं आणि सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, इथवर अडचण नाही. एका मुलीने विचारलं, "सर, एएसवाल्याला त्रास होत नाही, म्हणजे त्याच्या पेशी वाकत नाहीत. मग मलेरियाच्या जंतूला तिथे काय होतं?" पुस्तकात यावर एकच वाक्य आहे. शिवाय व्हॅलिन तर सदानकदा तिथेच असतं, मग हिमोग्लोबिनचे दोरे ऑक्सिजन सुटल्यावरच का तयार होतात?

बाबूराव_वर्धा
सोपं आहे. वाकड्या पेशीत जंतू शिरूच शकत नाही. आणि ऑक्सिजन नसला की व्हॅलिनला व्हॅलिन चिकटतं.

लाल_पेशी
बाबूराव, एक गोष्ट बरोबर: व्हॅलिनमुळेच चिकटतं. पण ते दुसऱ्या व्हॅलिनला नाही. शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीत ८५ व्या जागी फिनिलअ‍ॅलनिन आणि ८८ व्या जागी ल्युसिन असतं, तिथे पाणी टाळणारी एक खाच असते. व्हॅलिन त्यात चपखल बसतं. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, ते तिथे बसणार नाही. ऑक्सिजन सोडताना हिमोग्लोबिनचा आकार बदलतो आणि तेव्हाच ही खाच व्हॅलिनला घेण्याजोगी होते. मास्तर, तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर हेच. असे रेणू एकमेकांत अडकत गेले की १४ पदरी दोरा होतो आणि पेशी ताठरते.

आता मुलीचा प्रश्न. दोरा लगेच वळला जात नाही, आधी काही काळ काहीच घडत नाही. हा थांबण्याचा काळ एसच्या, म्हणजे व्हॅलिनवाल्या हिमोग्लोबिनच्या संहतीच्या साधारण ३० व्या घाताने बदलतो. संहती नुसती १० टक्क्यांनी घटली तरी तो २० पटींहून जास्त लांबतो. (आई-बाप दोघांकडून एस आलेल्या एसएस पेशंटला भरपूर पाणी प्या म्हणतात ते यासाठीच, पेशी सुकली की संहती वाढते.) एएसला एस एकाच पालकाकडून आलेलं, त्याच्या पेशीत एस ३५-४० टक्के असतं, उरलेलं ए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन. ए दोऱ्यात फारसं सामील होत नाही. त्यामुळे दोरा सुरू व्हायच्या आत पेशी फुप्फुसात परत पोहोचते. वाहकाच्या पेशी वाकू शकतात, त्यांना तेवढा वेळ मिळत नाही.

मलेरियाचा फाल्सिपॅरम जंतू तो वेळ देतो. त्याचं चक्र सुमारे ४८ तासांचं, त्यातला उत्तरार्ध तो बारीक शिरांच्या भिंतीला पेशी चिकटवून काढतो. तिथे ऑक्सिजन कमी आणि मुक्काम तासन् तास. मग दोरे होतात आणि जंतूची वाढ खुंटते.

सुनंदा_६१
माझ्या लेकाचा रिपोर्ट एएस आहे. भामरागडला बदली झालीय. म्हणजे त्याला मच्छरदाणीची गरज नाही ना?

लाल_पेशी
आहे, ताई. वाहकालाही मलेरिया होतो, जंतू पेशीत शिरतो. आफ्रिकेतल्या मुलांमध्ये जो धोका जवळपास ९० टक्क्यांनी घटलेला दिसतो तो गंभीर फाल्सिपॅरम मलेरियाचा. ताप आला की रक्त तपासायचंच. आणि रिपोर्टवर फक्त 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' असेल तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या, त्या पहिल्या चाचणीत एएस आणि एसएस वेगळे कळत नाहीत. एसएस निघाला तर मलेरिया जिवावर बेतू शकतो. लग्नाचं बघत असाल तर मुलीचीही तपासणी करा. दोघं एएस असतील तर दर गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक.

सुनंदा_६१
लग्नाचंच बघतोय. एचपीएलसीचं विचारते दवाखान्यात.

कीटक_भाऊ
लाल_पेशी, एक खटकतंय. एएसच्या पेशीत जंतूचं पीएफईएमपी१ हे चिकटवणारं प्रथिन पृष्ठभागावर नीट येत नाही, म्हणून ती भिंतीला कमी चिकटते, असंही प्रयोगांत दिसलंय. तुमचं म्हणणं, चिकटून बसते म्हणून दोरे होतात. मग नेमकं काय?

लाल_पेशी
रास्त शंका. कमी चिकटते, म्हणजे अजिबात चिकटत नाही असं नाही. शिवाय अशा संसर्गित पेशी भक्षक पेशी लवकर गिळतात, तेही दिसलंय. प्रयोगशाळेत तिन्ही घडतात. प्रत्यक्ष शरीरात कशाचा वाटा किती, यावर अजून वाद आहे.

कीटक_भाऊ
त्यात जंतूही गप्प बसलेला नाही. गॅम्बिया आणि केनियात गंभीर आजारी मुलांच्या जंतूंमध्ये काही जनुकीय बदल सापडलेत. ते बदल असलेल्या जंतूंपुढे एसचं संरक्षण जवळजवळ चालत नाही. ते कसं जमवतात?

चामोर्शीचा_मास्तर
थांबा, एकेक. भक्षक पेशींना संसर्गित पेशी ओळखू कशी येते? वर्गात पुढचा प्रश्न हाच येणार.