पहिलं इतिवृत्त लिहिताना काय झालं? तुमचेही अनुभव सांगा

नवी लिपिक: परवा पहिल्यांदा मिनिट्स लिहिली, अजून छातीत धडधडतंय. नोकरीला लागून तीन महिने झालेत, नेहमी लिहिणाऱ्या मॅडम रजेवर होत्या म्हणून वही माझ्याकडे आली. चौथा विषय होता जुनं रेकॉर्ड दुसऱ्या खोलीत हलवायचा, आणि त्यावर दोन सीनियर जे पेटले ते थांबेचनात. एक म्हणाले तुमच्याकडे फाइली गहाळ होतात, दुसऱ्या मॅडम म्हणाल्या एक तरी दाखवा, आणि मी मान खाली घालून सगळं उतरवत सुटले. सातजण हजर होते. त्यातले एक वैतागून 12.20 ला उठून गेले. मग साहेबांनी हात वर करायला लावले, पाच हो, मॅडम एकट्या विरोधात. साहेब म्हणाले "ठीक आहे, पुढचा विषय", संपलं.

संध्याकाळी मसुदा बघितला तर अडीच पानं भांडण आणि शेवटी एक ओळ, "सर्वानुमते मंजूर". जुन्या इतिवृत्तांत सगळीकडे तेच होतं म्हणून मीही तेच लिहिलं. हेडक्लार्क सरांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, मॅडमचा हात कुठे गेला? मला रडूच आलं, कारण तो हात मी डोळ्यांनी बघितला होता.

सरांनी शेजारी बसवून अडीच पानांच्या चार ओळी करून घेतल्या:

"विषय क्र. 4: जुने अभिलेख स्थलांतरित करणे. अभिलेखांच्या सुरक्षिततेबाबत चर्चा झाली. प्रस्ताव 5 विरुद्ध 1 अशा बहुमताने मंजूर. एक सदस्य मतदानापूर्वी 12.20 वाजता बैठकीतून गेले."

मग सर म्हणाले, हलवणार कोण आणि कधीपर्यंत? वहीत काहीच नव्हतं. घाबरत साहेबांकडे गेले, ते म्हणाले रेकॉर्ड विभाग, पंधरा दिवसांत, टाक. आता हे बैठकीत कोणी बोललंच नव्हतं, मग टाकायचं का? तुमच्याकडे असं झालंय का?

जुनी वही: मी तर म्हणतो शब्द न् शब्द लिहायचा, उद्या कोणी पलटलं तर पुरावा लागतो.

बावीस वर्षं आस्थापना: पुरावा लागतो हे बरोबर, पण तो निर्णयाचा, भांडणाचा नाही. मी एकदा "संतापून म्हणाले" लिहिलं होतं. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करायला घेतलं आणि त्या एका शब्दावर पाऊण तास गेला, ते म्हणे मी संतापलोच नव्हतो. राग आपल्याला दिसला तरी तो आपला अंदाज असतो. पण कोणी "माझा विरोध नोंदवा" असं तोंडाने म्हटलं, की नाव आणि थोडक्यात कारण लिहायचंच. तुमच्या मॅडम तसं म्हणाल्या होत्या का? आणि तुमची कच्ची वही इतिवृत्त कायम होईपर्यंत फेकू नका.

नवी लिपिक: नाही, फक्त हात वर केला.

बावीस वर्षं आस्थापना: मग 5 विरुद्ध 1 पुरे. आणि उठून गेलेल्यांची वेळ लिहिलीत ते फार बरं केलंत. मताच्या वेळी खोलीत किती जण होते त्यावर गणपूर्ती ठरते. किती लागतात ते तुमच्या नियमांत बघून घ्या.

धावती लेखणी: मला तर लिहिण्याचा वेगच नाही, दोन तासांच्या मीटिंगमध्ये अर्ध्यातच बोटं दुखायला लागतात, कोणाला शॉर्टहँडचा क्लास माहितीये का?

कोपऱ्यातलं टेबल: क्लास कशाला, अजेंड्याचा एक विषय म्हणजे एक पान असं आधीच आखून ठेवा, खाली "निर्णय, कोण, कधी" असे तीन रकाने. विषय संपताना रकाना रिकामा दिसला की मी हात वर करून विचारते, सर निर्णय काय लिहू? पहिल्या वेळी आवाज फुटत नव्हता. पण "बघू" म्हणजे मंजूर की पुढे ढकललं हे तिथेच विचारलं नाही तर नंतर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

पंधरा दिवसांचं म्हणाल तर अध्यक्ष सही करणार आहेत, टाकून द्या की.

बावीस वर्षं आस्थापना: मला नाही पटत. जे बैठकीत ठरलं नाही ते इतिवृत्तात नको, सही कोणाचीही असो. साहेबांची मुदत वेगळ्या पत्राने रेकॉर्ड विभागाला कळवा.

कोपऱ्यातलं टेबल: आमच्याकडे वर्षानुवर्षं टाकतात, कोणी हरकत घेतलेली नाही.

नवी लिपिक: मी शेवटी वेगळं पत्रच केलं, साहेबांनी त्यावर सही केली, काही बोलले नाहीत. मसुदा सगळ्यांना पाठवला. मॅडमचा "ठीक" असा उलट निरोप आला, तो मी चार वेळा वाचला. पण उठून गेलेले सर म्हणतायत 12.20 काढून टाक, मी फोन घ्यायला बाहेर गेलो होतो. ते परत आलेले मला तरी दिसले नव्हते. हेडक्लार्क सर म्हणाले, खोडायचं नाही, त्यांनी पुढच्या बैठकीत दुरुस्ती मांडावी, मान्य झाली तर ती त्या बैठकीच्या इतिवृत्तात येईल. बैठक गुरुवारी आहे, आणि वही परत माझ्याकडेच आहे.