मदत हवी आहे: ताडोबा, मे की फेब्रुवारी? मोहर्ली की कोलारा?

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीचे. दोघं, दोन शाळकरी मुलं आणि आई. चांदोली घराजवळ आहे, पण तिथल्या दाट जंगलात वाघ दिसणं म्हणजे नशीबच, म्हणून ताडोबा ठरवतोय. मिरजेहून महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर आणि पुढे गाडी, इतकं पक्कं आहे.

घोडं महिन्यावर अडलंय. मे महिन्यात गवत वाळतं, पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरतं, त्यामुळे वाघ तिथे हमखास येतो म्हणतात. मुलांना सुट्टीही तेव्हाच. पण चंद्रपूरचं ऊन ४५ अंशांच्या पुढे जातं आणि उघड्या जिप्सीत दुपारची फेरी आईला झेपेल का? फेब्रुवारीत हवा बरी, पण झाडोरा जास्त.

दुसरं म्हणजे गेट. कोअरच्या दोन आणि बफरच्या दोन फेऱ्या घ्याव्यात असं मनात आहे. मंगळवारी कोअर बंद असतो, म्हणून बुधवारी सकाळी सुरुवात. मोहर्लीला मुक्काम केला तर आगरझरी, देवाडा ही बफर गेट जवळ पडतात. कोलाऱ्याला राहिलेल्यांनी तिकडचा अनुभव सांगाल का? दोन्ही गेटनं आत एकाच कोअरमध्ये शिरायचं, तर फरक नेमका कशात पडतो?

चार फेऱ्यांत वाघ दिसलाच नाही असं कुणाचं झालंय का? खरं सांगा, म्हणजे मुलांना आधीच तसं सांगून ठेवतो. बिबट्याची तर मी आशाच धरलेली नाही. आणि चितळ-वानरांचे इशारे ऐकून पाणवठ्यावर थांबणारा गाइड मिळावा म्हणून काही करता येतं, की गेटवर नंबराने येईल तोच घ्यायचा?